वापराविना बंद पडलेलं सिम: तोच नंबर परत कसा मिळवायचा

खणात पडलेल्या जुन्या फोनमध्ये माझा दुसरा नंबर होता. एका जुन्या ईमेलचा पासवर्ड बदलायला बसलो, तेव्हा ओटीपी त्याच नंबरावर जाणार होता. फोन चार्ज केला, चालू केला. वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या कांड्यांच्या जागी `SIM not provisioned MM#2` एवढंच आलं. शेवटचा कॉल कधी केला होता ते त्याच फोनच्या यादीत पाहिलं, दिवस मोजले. ११८ भरले.

नंबर परत मिळाला. पण त्यासाठी मला कंपनीच्या सेवाकेंद्रात चारदा जावं लागलं, आणि त्यातल्या दोन खेपा निव्वळ काय न्यायचं आणि काय मागायचं हे ठाऊक नसल्यामुळे वाया गेल्या. तुमची ती पायपीट वाचावी म्हणून हे लिहितो आहे.

## सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घ्या

सिम म्हणजे नंबर नव्हे. आपण बोलताना दोन्ही एकच धरतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सिमकार्डात तुमचा मोबाइल नंबर मुळात असावाच लागत नाही. त्यात असते कार्डाची स्वतःची एक ओळख, आयएमएसआय नावाचा साधारण १५ आकडी क्रमांक, आणि ती ओळख खरी आहे हे पटवणारी एक गुप्त किल्ली. तुमचा दहा आकडी नंबर कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत असतो. त्या नोंदवहीत एक ओळ असते: अमुक ओळखीचं कार्ड म्हणजे तमुक नंबर. फोन चालू केला की कार्ड आपली ओळख सांगतं, कंपनी वहीत ती ओळ शोधते, आणि मग कांड्या दिसतात.

बरेच दिवस वापर नसला की कंपनी ती ओळ पुसते. कार्ड धडधाकट असतं, पण वहीत त्याचं नाव नसतं. `MM#2` चा अर्थ तंतोतंत हाच: ही ओळख आमच्या नोंदीत नाही. म्हणून कार्ड पुसून पुन्हा घालणं, दुसऱ्या खाचेत टाकणं, फोन दहा वेळा बंद-चालू करणं यातून काहीही निघत नाही. आणि म्हणूनच नंबर परत मिळाला तरी बहुतेक वेळा तो नव्या कार्डावर मिळतो. जुनं कार्ड जिवंत करा असा हट्ट धरू नका. तुम्हाला हवा आहे तो नंबर, कार्डाचं काय घेऊन बसलात!

## १. नंबर नेमका कोणत्या अवस्थेत आहे ते शोधा

हे घरबसल्या दहा मिनिटांत होतं, आणि पुढे काय करायचं ते पूर्णपणे यावरच ठरतं. तुमचं सिम फोनमध्ये ठेवा आणि दुसऱ्या एखाद्या फोनवरून तुमच्या नंबराला कॉल करा. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या नंबरांवरून करा, कारण ध्वनिमुद्रित सूचना प्रत्येकाची थोडी निराळी असते.

कांड्या दिसतात, पण कॉल लागत नाही. ही सर्वांत हलकी अवस्था. नोंद शाबूत आहे, फक्त योजनेची मुदत संपल्यामुळे बाहेर जाणारे किंवा दोन्ही बाजूंचे कॉल अडवलेले आहेत. इथे मुदत देणारा रिचार्ज केला की काम झालं. केवळ शिल्लक वाढवणारा टॉपअप करू नका. त्याने पैसे जमा होतात पण मुदत वाढेलच असं नाही, आणि माणूस पैसे भरूनही सेवा बंदच का म्हणून डोकं धरून बसतो.

फोनवर नेटवर्क नाही, आणि कॉल करणाऱ्याला 'फोन बंद आहे' किंवा 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' असं ऐकू येतं. ही सूचना ऐकून लोक घाबरतात, खरं तर ती चांगली बातमी आहे. कंपनीच्या वहीत ओळ आहे, फक्त कार्ड तिच्यापर्यंत पोचत नाही. कार्ड खराब झालं असेल, किंवा फोन जुना असून त्याला चालणारं नेटवर्कच तिथे उरलं नसेल. सिम दुसऱ्या, नव्या फोनमध्ये घालून पाहा. जुन्या साध्या फोनमध्ये ठेवलेल्या सिमच्या बाबतीत हे वरचेवर होतं, आणि लोक विनाकारण नंबर गेला असं समजून बसतात.

फोनवर `SIM not provisioned MM#2`, `Invalid SIM` किंवा नुसतं 'फक्त आपत्कालीन कॉल', आणि कॉल करणाऱ्याला 'हा नंबर अस्तित्वात नाही' किंवा 'सेवेत नाही'. ओळ पुसली गेली आहे. नंबर अजून कोणाला दिलेला नाही, तो कंपनीकडे पडून आहे. माझं असंच होतं, आणि या लेखातला बहुतेक भाग याच अवस्थेसाठी आहे.

तुमचं सिम मृत, पण नंबराला रिंग जाते. नंबर बहुधा दुसऱ्या कोणाकडे गेला. थेट सातव्या पायरीवर जा.

एक सूचना. फोनवर `SIM not allowed MM#3` किंवा `Phone not allowed MM#6` आलं तर गोष्ट वेगळी आहे. पहिल्यात नेटवर्कने कार्डाला नकार दिलेला असतो, दुसऱ्यात फोनलाच. दुसऱ्या प्रकारात सिम बदलून काही होत नाही.

आणि यातला निकाल लागेपर्यंत ऑनलाइन रिचार्ज करू नका. नंबर दुसऱ्याच्या नावावर गेलेला असेल तर रिचार्ज बिनबोभाट पार पडतो, 'यशस्वी' असा संदेशही येतो, आणि पैसे एका अनोळखी माणसाच्या खात्यात पडतात. तुम्हीच नंबर टाकला, तेव्हा परत मागायला फारशी जागा उरत नाही.

## २. दिवस मोजा

नंबर परत मिळेल की नाही हे तारखांवर ठरतं. कॅलेंडर घ्या आणि शेवटचा खरा वापर कधी झाला ते शोधा.

'खरा वापर' म्हणजे काय, ते प्रत्येक देशातला नियामक किंवा कंपनी ठरवते. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ मध्ये याचा नियम केला. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटाचा वापर, योजनेचे पैसे भरणं, हे वापरात धरतात. नुसता फोन चालू ठेवणं, कांड्या दिसणं, कंपनीचे जाहिरातींचे एसएमएस येणं हे त्यात बसत नाही. फोन चार्जिंगला लावून ठेवला म्हणजे नंबर वापरात आहे, या समजुतीपायी कितीतरी नंबर गेले असतील.

याच नियमाप्रमाणे भारतात प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापर नसल्याशिवाय बंद करता येत नाही. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर त्यातून छोटी रक्कम कापून मुदत पुढे ढकलली जाते. आणि बंद केल्यानंतरही १५ दिवसांची सवलत असते. त्या काळात ठरलेलं शुल्क भरून तुम्ही तोच नंबर चालू करून मागू शकता.

यात एक सीमारेषा आहे, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. सवलतीच्या दिवसांत तुम्ही जे मागता तो हक्क असतो. ते दिवस उलटले की ती विनंती होते. नंबर अजून रिकामाच असतो, कारण तो लगेच दुसऱ्याला देत नाहीत. भारतात बंद झाल्यापासून किमान ९० दिवस तो पडून ठेवतात. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढेही हेच सांगण्यात आलं होतं. अमेरिकेत ही किमान मर्यादा ४५ दिवसांची आहे. पण रिकामा असला तरी तो तुम्हालाच परत द्यावा असं बंधन कंपनीवर राहत नाही. काही कंपन्या देतात, काही नाही म्हणतात, आणि एकाच कंपनीत एक कर्मचारी नाही म्हणतो तर दुसरा देतो.

माझं गणित असं झालं. शेवटचा कॉल शून्याव्या दिवशी. ९० व्या दिवशी नंबर बंद. १०५ व्या दिवशी सवलत संपली. मी जागा झालो ११८ व्या दिवशी. म्हणजे हक्काला १३ दिवस उशीर, पण नंबर निदान १८० व्या दिवसापर्यंत कोणाला जाणार नाही. दोन महिने हातात होते. हे गणित आधी मांडलं असतं तर पहिल्या दिवशी केलेली घायकुती टळली असती. तुम्ही दुसऱ्या देशातला नंबर वापरत असाल तर तिथल्या कंपनीच्या अटींमध्ये हे तीन आकडे शोधा: किती दिवसांनी बंद, सवलत किती, पडून किती. साधारण रचना सगळीकडे हीच असते, आकडे बदलतात.

## ३. नंबर कोणाच्या नावावर आहे ते पाहा

कागदपत्रांआधी हा प्रश्न सोडवा, कारण अर्धे लोक इथेच अडकतात. नंबर वर्षानुवर्षं तुम्ही वापरत असाल, पण घेताना ओळखपत्र वडिलांचं दिलं असेल, भावाचं दिलं असेल, जुन्या नोकरीतल्या कंपनीचं असेल. कंपनीच्या दृष्टीने मालक तो, तुम्ही नाही.

मालक घरातलाच असेल तर त्यालाच घेऊन जा. 'माझ्या मुलाला द्या' अशी चिठ्ठी क्वचितच चालते, कारण दुसऱ्याच्या नावाचं बदली सिम काढणं हीच फसवणुकीची नेहमीची वाट आहे आणि कर्मचारी त्याबाबत कडक असतात. आधी नंबर मालकाच्या नावावर चालू करून घ्या, मग नाव बदलायचा अर्ज वेगळा करा. दोन्ही कामं एका खेपेत करायला गेलात तर दोन्ही रखडतात. मालक हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि नातं दाखवणारा कागद लागतो, आणि कंपनीप्रमाणे आणखी काही. अशा वेळी आधी फोन करून यादी विचारून घ्या. नंबर नोकरीच्या ठिकाणचा असेल तर त्यांच्या पत्राशिवाय पुढे काही होत नाही.

आणखी एक फाटा. नंबर कधी एका कंपनीतून दुसरीत पोर्ट केला होता का? तसं असेल तर सध्याच्या, म्हणजे शेवटच्या कंपनीकडे जायचं. पण पोर्ट केलेला नंबर बंद होऊन बरेच दिवस गेले की तो मूळ कंपनीकडे परत जातो, कारण आकड्यांचा तो गठ्ठा मुळात तिला दिलेला असतो. तेव्हा शेवटच्या कंपनीने 'आमच्याकडे हा नंबर दिसत नाही' असं सांगितलं तर ते टोलवणं असेलच असं नाही. मूळ कंपनीकडेही विचारा.

## ४. काय काय घेऊन जायचं

- ज्याच्या नावावर नंबर आहे त्याचं मूळ ओळखपत्र. फोटो किंवा झेरॉक्स नव्हे, मूळ.
- पत्त्याचा पुरावा, ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर.
- जुनं सिमकार्ड, मेलेलं असलं तरी. त्यावर छापलेला १९ किंवा २० आकडी क्रमांक हा तुमच्या ताब्यात ते कार्ड असल्याचा पुरावा असतो.
- शेवटच्या रिचार्जची पावती, किंवा बँकेच्या खातेउताऱ्यात त्याची नोंद.
- दुसरा चालू नंबर. पडताळणीचा ओटीपी त्याच्यावर येतो, आणि काम झालं की कळवतातही त्याच्यावरच.
- त्या नंबरावरून पूर्वी वारंवार केलेल्या चार-पाच कॉलचे नंबर, जुन्या फोनच्या यादीतून उतरवलेले. कागद अपुरे पडले तर काही ठिकाणी असे प्रश्न विचारतात.

माझी पहिली खेप ओळखपत्रावरून वाया गेली. नंबर घेताना दिलेल्या कागदावर माझं आडनाव एका तऱ्हेने लिहिलेलं होतं, आताच्या ओळखपत्रावर दुसऱ्या तऱ्हेने. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. संगणक मानेना, कर्मचारी त्याला मनवेना. शेवटी घरी येऊन तेच जुनं ओळखपत्र शोधलं. तेव्हा नंबर घेताना कोणतं ओळखपत्र दिलं होतं ते आठवत असेल तर तेच न्या, आणि नवंही बरोबर ठेवा.

## ५. कुठे जायचं आणि काय मागायचं

रिचार्ज करणाऱ्या किंवा सिम विकणाऱ्या साध्या दुकानात जाऊ नका. तिथल्या माणसाला नवं सिम विकता येतं, पण बंद झालेला नंबर कोणत्या अवस्थेत आहे ते त्याच्या पडद्यावर सहसा दिसत नाही. कंपनीच्या स्वतःच्या सेवाकेंद्रात जा.

माझी दुसरी खेप वाया गेली ती मी 'सिम बंद पडलंय, चालू करून द्या' एवढंच म्हणालो म्हणून. त्या मुलीने नंबर टाकला, चालू ग्राहकांच्या यादीत सापडला नाही, आणि ती सहज म्हणाली, 'सर, हा नंबर गेला. नवीन घ्या.' तिचं खोटं नव्हतं. तिने फक्त एकच यादी पाहिली होती. मी मुकाट्याने घरी आलो. नंतर एका ओळखीच्या माणसाने, ज्याने अशा केंद्रात काही वर्षं काढली होती, मला विचारायचे प्रश्न सांगितले. त्याच क्रमाने देतो.

पहिला: 'हा नंबर आता कोणाला दिलेला आहे, की रिकामा पडून आहे?' यासाठी त्यांना चालू ग्राहकांची यादी सोडून नंबरांचा साठा पाहावा लागतो. 'दिलेला आहे' असं उत्तर आलं तर तिथेच विषय संपतो.

दुसरा: 'तो माझ्याच नावावर होता ना?' नाव ते सांगणार नाहीत, पण तुमच्या ओळखपत्राशी जुळतं की नाही एवढं सांगतात.

तिसरा: 'तोच नंबर मला बदली सिमवर देता येईल का, की नवीन जोडणीच्या अर्जातून द्यावा लागेल?' या प्रश्नाने दार उघडतं. सवलतीच्या काळात असाल तर सरळ बदली सिम मिळायला हवं. त्यानंतर तुम्ही कंपनीच्या लेखी ग्राहकच उरलेला नसता, तेव्हा बदली सिमचा अर्ज संगणक स्वीकारत नाही आणि कर्मचारी 'होत नाही' म्हणतो. पण नवीन जोडणी, आणि तिच्यासाठी निवडलेला नंबर म्हणजे तुमचाच जुना नंबर, अशी वाट काही ठिकाणी असते. त्यासाठी पडून असलेला नंबर मोकळा करावा लागतो आणि ते वरिष्ठाच्या हातात असतं. केंद्रप्रमुखाला भेटायचं आहे असं शांतपणे सांगा.

माझं काम याच वाटेने झालं. तिसऱ्या खेपेला केंद्रप्रमुखाने वर विनंती पाठवली, दोन दिवसांनी मंजुरी आली, मग मी चौथ्यांदा जाऊन अर्ज भरला.

तिथून निघताना दोन गोष्टी हातात असू द्या. एक, विनंतीचा क्रमांक. तो नसेल तर पुढच्या वेळी पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते. दुसरी, नव्या सिमच्या अर्जावर छापलेला नंबर. तो आकडा आकडा वाचा. नवीन जोडणीच्या अर्जात संगणक आपोआप एखादा नवा नंबर सुचवतो, आणि घाईत तोच राहून गेला तर सही केल्यावर सगळं पुन्हा करावं लागतं.

दाद लागत नसेल तर त्या विनंती क्रमांकासह कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा, आणि तिथेही नाही झालं तर त्याच्या वरच्या अपील अधिकाऱ्याकडे. पण हे सवलतीच्या दिवसांतल्या लोकांसाठी. विनंतीच्या काळात असाल तर भांडणापेक्षा आर्जवाने लवकर काम होतं, कारण नियम तुमच्या बाजूने नसतो.

या दिवसांत कोणी फोन करून 'तुमचं बंद सिम घरबसल्या चालू करून देतो, कार्डावरचा २० आकडी क्रमांक सांगा' किंवा 'आलेला ओटीपी सांगा' असं म्हणालं तर फोन ठेवा. काम त्या क्रमांकाने खरोखरच होतं, म्हणूनच तो कोणाला सांगायचा नसतो.

## ६. नवं सिम आल्यावर

नवं सिम फोनमध्ये घातलं की सुरुवातीला तेच `SIM not provisioned MM#2` दिसू शकतं. या वेळी त्याचा अर्थ वेगळा: ओळ वहीत अजून लिहिली जायची आहे. काही तास थांबा, फोन एकदा बंद करून चालू करा. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर विनंती क्रमांक घेऊन विचारा.

ईसिम घेतलं असेल तर जुना क्यूआर कोड पुन्हा चालत नाही. तो एकदाच वापरायचा असतो. नवा मागून घ्या, आणि तो स्कॅन करताना फोनला वायफाय असू द्या, कारण तुमचा स्वतःचा डेटा तेव्हा सुरू झालेला नसतो.

कांड्या आल्या की मुदत देणारा रिचार्ज करा आणि मग तपासा: कॉल करा, दुसऱ्या कंपनीच्या नंबरावरून कॉल घ्या, एसएमएस पाठवा, एसएमएस घ्या. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत उशिरा सुरू होतो. भारतात बदली सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम अडवलेले असतात, कोणी चोरून सिम काढलं असेल तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून. तेव्हा पहिल्या दिवशी बँकेचा ओटीपी आला नाही तर पुन्हा पुन्हा मागू नका. चार-पाच वेळा मागितलात की बँकच काही काळ खातं अडवते. तसंच भारतात बदली सिम घेतल्यावर ७ दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, त्यामुळे रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी कंपनी बदलायला जाऊ नका.

जुनी शिल्लक, जुनी योजना, त्रासदायक कॉल अडवण्याची नोंद, रोमिंगची परवानगी यातलं काही उरलेलं नसतं. नवीन ग्राहक म्हणून सगळं परत लावा. बँकेची ॲप्स सिम ओळखून चालतात, त्यांना कार्ड नवं दिसलं की ती पुन्हा नोंदणी मागतात. आणि व्हॉट्सॲप १२० दिवस वापरलं नाही तर खातंच काढून टाकतं, तेव्हा नंबर आला म्हणून जुने गट परत येतील असं धरू नका. माझे आले नाहीत. एकदोन गटांच्या बाबतीत बरंच झालं.

## ७. नंबर दुसऱ्याला गेला असेल तर

तो परत मिळत नाही. नव्या माणसाने कागदपत्रं देऊन रीतसर घेतला आहे. त्याला फोन करून 'माझा ओटीपी येईल तेवढा सांगा' अशी विनंती करू नका. तो शहाणा असेल तर तुम्हाला चोर समजेल, आणि शहाणा नसेल तर तुमचा ओटीपी आता त्याच्याकडे आहे.

इथे काम उलट्या दिशेने करायचं. तो नंबर जिथे जिथे नोंदवलेला आहे तिथून काढायचा. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याची वाट तिथून जाते. ज्या फोनवर किंवा संगणकावर ईमेल अजून उघडं आहे तिथूनच नंबर बदला, लॉगआउट करू नका. एकदा बाहेर पडलात की आत येण्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाला जाईल. मग बँक, तिथे शाखेत ओळखपत्र घेऊन. मग सरकारी कागदपत्रांशी जोडलेला नंबर. व्हॉट्सॲपवर जुना नंबर दुसऱ्या फोनवर अजून चालू असेल तर त्यातली नंबर बदलण्याची सोय वापरा. खातं ४५ दिवस पडून राहिलं आणि मग नव्या फोनवर सुरू झालं तर कंपनी नंबर दुसऱ्याकडे गेला असं समजून जुना फोटो आणि माहिती काढते, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

## ८. परत बंद पडू नये म्हणून

मी महिन्याच्या पहिल्या रविवारी गजर लावून ठेवला आहे. त्या दिवशी त्या सिमवरून घरच्याच दुसऱ्या फोनला कॉल करतो आणि उचलून अर्धा मिनिट बोलतो. नुसती रिंग देऊन कापलेला कॉल धरतात की नाही या वादात पडायला नको. दोन सिमच्या फोनमध्ये ते सिम डेटासाठी निवडलेलं नसेल तर महिनोन्‌महिने त्यातून काहीच जात नाही, कांड्या मात्र छान दिसत राहतात. परदेशी जाणार असाल आणि नंबर पोस्टपेड असेल तर निघण्याआधी कंपनीला नंबर जपून ठेवण्याची सोय आहे का ते विचारा. कमी शुल्कात नंबर काही महिने नुसता राखून ठेवता येतो. प्रीपेड असेल तर रोमिंग सुरू करून न्या, आणि महिन्यातून एक एसएमएस घरी पाठवा.